सहा प्राणी आणि एक खांब : मोबाइलच्या काळात वंदना, अभ्यास आणि लक्ष

संयुत्तनिकायाच्या सळायतनसंयुत्तात ‘छप्पाणकोपम सुत्त’ नावाची एक देसना आहे. छप्पाणक म्हणजे सहा प्राणी. मन एका जागी का टिकत नाही आणि ते टिकवायचे कसे, हे तथागतांनी त्यात एका दाखल्याने सांगितले आहे. आज विहारात वंदनेला बसलेल्या तरुणाचा हात नकळत खिशाकडे जातो आणि अभ्यासिकेतल्या मुलीचे पुस्तक एकाच पानावर अर्धा तास उघडे राहते. अशा वेळी हा दाखला फार उपयोगी पडतो. या लेखात आपण आधी ती देसना पाहू. मग स्क्रोलिंगची रचना समजून घेऊ आणि शेवटी वंदनेत व अभ्यासात प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू.

देसनेतला दाखला

एक माणूस सहा वेगवेगळे प्राणी पकडतो : साप, सुसर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड. प्रत्येकाला तो मजबूत दोर बांधतो. मग सहाही दोरांची मध्ये एकच गाठ मारतो आणि सोडून देतो. आता प्रत्येक प्राणी आपापल्या ठिकाणाकडे ओढू लागतो. साप वारुळाकडे, सुसर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा स्मशानाकडे आणि माकड रानाकडे. ओढून ओढून सगळे थकले की त्यांच्यातला जो सर्वांत बलवान असेल, त्याच्या मागे बाकीचे फरफटत जातात.

ज्याने कायगतासती, म्हणजे शरीराविषयीची जागरूकता, वाढवलेली नाही त्याची अवस्था अशी होते. डोळा रूपाकडे ओढतो, कान शब्दाकडे, नाक गंधाकडे, जीभ चवीकडे, त्वचा स्पर्शाकडे आणि मन विचारांकडे.

दाखल्याच्या दुसऱ्या भागात तेच सहा प्राणी आणि तेच दोर आहेत. फरक एवढाच की या वेळी सहाही दोर एका भक्कम खांबाला बांधलेले आहेत. प्राणी याही वेळी ओढतात. पण थकल्यावर ते खांबाजवळच येऊन उभे राहतात, बसतात, आडवे होतात. हा खांब म्हणजे कायगतासती.

दाखल्यातल्या तीन गोष्टी आपण नीट लक्षात घेतल्या पाहिजेत, कारण पुढची सगळी साधना त्यांवर उभी आहे.

पहिली गोष्ट, प्राण्यांना मारायला सांगितलेले नाही. डोळा पाहणारच आणि मन विचार करणारच. ‘मनात एकही विचार येता कामा नये’ असे ठरवून बसणारा दहा मिनिटांत वैतागून उठतो, कारण त्याने प्राण्यांशी कुस्ती धरलेली असते.

दुसरी गोष्ट, देसनेत फक्त आवडत्या गोष्टींची ओढ सांगितलेली नाही. नावडत्या गोष्टीचा तिटकारा हीसुद्धा ओढच आहे, असे तिथे स्पष्ट आहे. कार्यकर्त्यांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्याकडे आपण पुढे येऊ.

तिसरी गोष्ट, खांब शरीराचा आहे. विचारांना विचारांनी बांधायचा प्रयत्न केला तर तो आणखी एक सैल दोर होतो. शरीर मात्र नेहमी आत्ता आणि इथेच असते. टेकलेले गुडघे, जोडलेले तळवे, चालणारा श्वास यांपैकी काहीही कालच्या पोस्टमध्ये किंवा उद्याच्या निकालात नसते. म्हणून परत यायला ती जागा पक्की ठरते.

स्क्रोलिंग नेमके काय करते

जुन्या काळी वर्तमानपत्राचे शेवटचे पान यायचे. दूरदर्शनवरचा कार्यक्रम संपायचा. सुरुवातीच्या संकेतस्थळांवरही पानाच्या तळाशी ‘पुढील पान’ अशी कळ असायची. ती दाबायची की नाही, हा छोटासा निर्णय प्रत्येक वेळी आपल्याला घ्यावा लागे. २००६ च्या सुमारास एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने ही कळच काढून टाकणारी रचना तयार केली. बोट सरकवत राहिले की मजकूर आपोआप येत राहतो आणि तळ कधी लागत नाही. पुढे या रचनेबद्दल त्याने स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली. निर्णयाची जागा काढून घेतली की थांबायचे सगळे ओझे माणसाच्या इच्छाशक्तीवर पडते, हे त्यामागचे साधे कारण आहे.

दुसरी रचना बक्षिसाची आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांतून एक गोष्ट दिसली. प्रत्येक वेळी दाणा मिळाला तर कबूतर गरजेपुरतेच चोच मारते. दाणा कधी मिळेल हे अनिश्चित ठेवले तर ते थांबतच नाही. रील्सचे तसेच आहे. दहांतल्या सात कंटाळवाण्या असतात, पण आठवी हसवते किंवा हलवून सोडते. ती आठवी नेमकी केव्हा येईल हे माहीत नसते, म्हणून अंगठा चालू राहतो.

महाराष्ट्रातल्या वस्त्यांमध्ये हे सगळे फार थोड्या काळात आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले आणि डेटा स्वस्त झाला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. ती पोकळी भरायला जुलैमध्ये इन्स्टाग्राम रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स भारतात उतरले. ज्या घरात स्वतंत्र खोली नाही, टेबल नाही, तिथल्या मुलांच्या हातात मोबाइल हीच एकमेव खासगी जागा आली. म्हणून ‘मुले बिघडली’ असा सरसकट शेरा आम्ही मारत नाही. दोर कोणी बांधले आणि कोण ओढते आहे, हे आधी पाहावे लागते.

आता तिटकाऱ्याच्या ओढीकडे येऊ. आपण कुठल्या चित्रफितीवर किती सेकंद थांबलो, याची नोंद ॲप ठेवते. माणूस फक्त गमतीवर थांबत नाही, संताप आणणाऱ्या गोष्टीवरही थांबतो. कुठे अत्याचार झाला, कोणी बाबासाहेबांविषयी अपशब्द काढले, कोणी आरक्षणावर गरळ ओकली, अशा गोष्टींवर आपली नजर खिळते. मग तशाच आणखी दहा गोष्टी समोर येतात. रात्री बारा वाजता कार्यकर्ता थकलेला असतो, संतापलेला असतो आणि आपण चळवळीचे काम केले असे त्याला वाटत असते. पण त्याला विचारून पाहावे, की पीडित कुटुंबाला भेटायला कोण गेले, गुन्हा नोंदला का, अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागली का? बहुतेक वेळा उत्तर नसते. घटना खरी असते आणि संतापही रास्त असतो. मात्र दोर कोल्ह्याच्या हातात गेलेला असतो आणि तो आपल्याला रोज स्मशानाकडे फिरवून आणतो.

याची ओळख सोपी आहे. फोन खाली ठेवल्यावर त्या विषयात करायचे एक ठोस काम आपल्याला सांगता आले, तर ती माहिती होती. सांगता आले नाही, तर ती ओढ होती.

वंदनेतला खांब

आपली वंदना म्हणजे कोणाकडे काही मागणे नव्हे. बुद्ध, धम्म आणि संघ यांचे गुण आठवणे आणि शीलाचा निश्चय पुन्हा करणे, हे तिचे स्वरूप आहे. त्यामुळे लक्ष नसेल तर वंदनेत काही उरतच नाही. मागणे असते तर अर्धवट लक्षानेही मागता आले असते. निश्चय मात्र अनुपस्थित माणसाला करता येत नाही.

वंदनेची रचनाच लक्ष टिकवायला मदत करते, हे सहसा कोणी सांगत नाही. त्रिसरण तीन वेळा म्हणतात. दुसऱ्या फेरीला ‘दुतियम्पि’ आणि तिसऱ्या फेरीला ‘ततियम्पि’ हा शब्द लागतो. म्हणजे आपण कितव्या फेरीत आहोत हे प्रत्येक ओळीत उच्चारावे लागते. पंचशीलाला ठरलेला क्रम आहे. हे स्क्रोलिंगच्या अगदी उलट आहे. इथे प्रत्येक ओळीला सुरुवात आणि शेवट आहे, आणि भरकटलो तर ते लगेच कळावे अशी सोय आहे.

तरीही तोंडाने वंदना आणि मनाने भलतेच, असे होतेच. ते ओळखायच्या तीन खुणा आहेत. आपण दुसऱ्या फेरीत आहोत की तिसऱ्या, हे क्षणभर कळेनासे होते. म्हणण्याचा वेग नकळत वाढतो आणि शब्दांचे शेवट गिळले जातात. किंवा पाचवे शील म्हणून झाल्यावर चौथे म्हटले होते का, हेच आठवत नाही. यांपैकी काही जाणवले तर मागे जाऊन पुन्हा सुरुवात करू नये आणि स्वतःवर चिडूही नये. एकमेकांना टेकलेल्या तळव्यांचा स्पर्श जाणवून घ्यावा आणि सगळे ज्या शब्दावर आहेत त्या शब्दात सामील व्हावे. खांबाकडे परत येणे म्हणजे एवढेच.

विहारात किंवा घरी करायची तयारीही साधी आहे.

वंदनेची पुस्तिका छापील वापरावी. अनेकजण मोबाइलवर वंदना उघडून म्हणतात आणि तिसऱ्या ओळीला वर एखादा संदेश झळकतो. पाठ होईपर्यंत दहा-वीस रुपयांची पुस्तिका हे सर्वांत स्वस्त साधन आहे.

फोन शांत करून खिशात ठेवणे पुरेसे आहे का, हा प्रश्न नेहमी येतो. २०१७ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी फोन टेबलावर ठेवलेल्यांपेक्षा चाचणीत चांगली कामगिरी केली होती, फोन शांत असूनही. मात्र नंतरच्या काही प्रयोगांत असा फरक आढळला नाही. म्हणून याचा कठोर नियम करू नये. आठ दिवस पिशवीत आणि आठ दिवस खिशात ठेवून स्वतःच पाहावे. ‘या आणि स्वतः पाहा’ ही धम्माची रीतच आहे. रुग्णालयात किंवा तातडीच्या सेवेत असणाऱ्यांनी फोन दाराजवळ बसलेल्या एकाकडे द्यावा आणि फक्त कोणाचा फोन आला तर बोलवायचे, हे सांगून ठेवावे.

चित्रीकरणाचेही ठरवून घ्यावे. प्रत्येकाने हात वर करून स्टेटससाठी वंदना टिपायची ठरवली की हात जोडायला कोणी उरत नाही. एकाने, वंदना संपल्यावर, सामूहिक छायाचित्र घ्यावे.

सुरू करण्याआधी तीन श्वास शांत बसावे. पहिल्या श्वासात गुडघे किंवा मांडी जमिनीला कुठे टेकली आहे ते पाहावे, दुसऱ्यात तळव्यांचा स्पर्श, तिसऱ्यात येणारा-जाणारा श्वास. बाहेरून कोणाला काही दिसतही नाही, पण दोर खांबाला बांधण्याचे काम इथेच होते.

अर्थ कळल्याशिवाय लक्ष फार काळ टिकत नाही. म्हणून एका आठवड्याला एक शील घ्यावे. चौथ्या शीलाच्या आठवड्यात रोज रात्री स्वतःला विचारावे, की आज खातरजमा न करता मी काय पुढे पाठवले? पाचव्या शीलात मद्याबरोबर ‘पमाद’ हा शब्द येतो. पमाद म्हणजे बेसावधपणा. शील मादक पदार्थांविषयीच आहे, त्यात मोबाइल घुसवायचे कारण नाही. पण ते पदार्थ टाळायचे कारण म्हणून ज्या बेसावधपणाकडे शील बोट दाखवते, तो बेसावधपणा आपल्याकडे आणखी कुठल्या दाराने येतो, हे त्या आठवड्यात पाहता येते.

अभ्यासातला खांब : एक उदाहरण

बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि विहारांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो प्रेरणा देतो, पण वर्षातला एक दिवस होतो. उरलेल्या दिवसांत खरी परीक्षा दोन तासांची असते. म्हणून समजून घेण्यासाठी एक दोन तासांचेच उदाहरण घेऊ.

समजा, बावीस वर्षांची एक मुलगी राज्यसेवेची तयारी करते. घरी जागा नाही म्हणून ती रोज संध्याकाळी सात ते नऊ वस्तीतल्या अभ्यासिकेत बसते. नोट्स आणि व्याख्याने मोबाइलवरच असल्याने मोबाइल घरी ठेवणे तिला शक्य नाही. आज तिच्यापुढे राज्यघटनेतले समतेचे हक्क, म्हणजे अनुच्छेद १४ ते १८ आहेत.

पहिल्या तीन दिवसांत तिने काहीही बदलू नये. वहीच्या समासात फक्त एक काम करावे. हात मोबाइलकडे गेला की एक रेघ ओढावी आणि त्या वेळी पुस्तकात ती कुठे होती ते लिहावे. समजा, दोन तासांत चौदा रेघा आल्या. त्या कुठे आल्या हे पाहिले की चित्र उलगडते. अनुच्छेद १४, १५ आणि १७ वाचताना रेघा थोड्या आहेत. अनुच्छेद १६ ला आल्यावर, उपखंड (४), (४क) आणि (४ख) यांच्याजवळ, त्यांची गर्दी झाली आहे. म्हणजे मोबाइलची ओढ सगळीकडे सारखी नाही. मजकूर समजेनासा झाला की ती वाढते. मन अवघड जागेवरून निसटायला वाट शोधते आणि सर्वांत जवळची वाट खिशात असते.

इथे दुसरी एक देसना कामी येते. मज्झिमनिकायातल्या वितक्कसण्ठान सुत्तात, नको असलेला विचार मनात शिरला तर करायचे पाच उपाय क्रमाने दिले आहेत. एक जमला नाही तर पुढचा, असा तो क्रम आहे. आपल्या उदाहरणात ते असे लागू होतात.

पहिला उपाय, जाड खुंटी बारीक खुंटीने ठोकून काढण्याचा. कुशल सुतार असेच करतो. मुलीने ‘अनुच्छेद १६ समजून घ्यायचा’ हे मोठे ओझे बाजूला ठेवावे आणि वहीत एकच बारीक प्रश्न लिहावा : (४) आणि (४क) यांत फरक काय? उत्तर पुस्तकात आहे. (४) नेमणुकांतल्या आरक्षणाविषयी आहे, तर १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने आलेला (४क) अनुसूचित जाती-जमातींच्या पदोन्नतीतल्या आरक्षणाविषयी. प्रश्न छोटा असला की मनाला धरायला जागा मिळते आणि निसटायची गरज कमी होते. बहुतेक वेळा इथेच काम भागते.

दुसरा उपाय, परिणाम पाहण्याचा. नटूनथटून निघालेल्या तरुणाच्या गळ्यात कोणी मेलेला साप अडकवला तर त्याला जशी किळस येईल, तसा त्या विचाराचा दोष दिसावा, असा तिथला दाखला आहे. याचा अर्थ स्वतःची किळस करणे नव्हे. समासातल्या चौदा रेघा पाहाव्यात. प्रत्येक रेघेनंतर पुन्हा त्याच ओळीवर यायला किती वेळ गेला ते आठवावे. एका कामातून दुसऱ्यात गेल्यावर लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच रेंगाळतो, असे सोफी लरॉय यांनी २००९ च्या आपल्या संशोधनात मांडले आहे. दोन मिनिटांचे डोकावणे म्हणूनच दोन मिनिटांत संपत नाही. हा हिशोब स्वतःच्या वहीत दिसला की उपदेशाची गरज उरत नाही.

तिसरा उपाय, न पाहण्याचा. डोळे असलेल्या माणसाला समोरचे पाहायचे नसेल तर तो डोळे मिटतो किंवा दुसरीकडे पाहतो. इथे मुलीने त्या संध्याकाळच्या नोट्स आधीच उतरवून घ्याव्यात, इंटरनेट बंद करावे आणि मोबाइल उठून जावे लागेल अशा कपाटात ठेवावा. चार पावले चालावी लागली की कळ परत आली. जो निर्णय स्क्रोलिंगने काढून घेतला होता, तो त्या चार पावलांत पुन्हा आपल्या हातात येतो.

चौथा उपाय, वेग कमी करण्याचा. एक माणूस घाईने चालला आहे. त्याला वाटते, मी एवढा भरभर का चाललो आहे? हळू चालावे. मग वाटते, हळू तरी का? उभा राहावे. मग तो बसतो, मग आडवा होतो. कपाटापर्यंत पोहोचलेल्या मुलीने तिथेच उभे राहून विचारावे, की मी कशासाठी आले? कंटाळा आला, भूक लागली, घरची काळजी वाटली की उत्तर येत नाही याची भीती? भूक असेल तर खावे. भीती असेल तर प्रश्न आणखी छोटा करावा. तळपायांना जमिनीचा स्पर्श जाणवेल इतका वेळ उभे राहिले तरी पुष्कळदा ओढ उतरते.

पाचवा उपाय, दात आवळून मनानेच मन दाबण्याचा. बलवान माणसाने दुबळ्याला धरून ठेवावे तसा. हा उपाय आहे, पण तो शेवटचा आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. परीक्षा जवळ आली की मुले सगळी ॲप एका दिवसात काढून टाकतात, शपथ घेतात आणि चौथ्या दिवशी सगळे परत बसवतात. मग ‘माझ्यात जिद्दच नाही’ असा निष्कर्ष काढतात. जिद्दीचा प्रश्न तिथे नसतो, क्रम उलटा झालेला असतो.

बसण्याचा काळही बेताचा ठेवावा. पंचवीस ते चाळीस मिनिटे अभ्यास आणि मग पाच मिनिटे उठणे, हे सुरुवातीला पुरते. त्या पाच मिनिटांत मोबाइल घेऊ नये. पाणी प्यावे, दारापर्यंत चालावे, चालताना पावले जाणवू द्यावीत. सुटीत रील पाहिली तर खांबाला बांधलेले दोर आपणच सोडतो. अठरा तासांच्या उपक्रमातही आयोजकांनी हीच गोष्ट सांभाळावी. सगळ्यांचे मोबाइल एका टेबलावर नाव लिहून ठेवावेत आणि दर तासाला प्रत्येकाने वाचलेल्या भागावर दोन ओळी लिहाव्यात. त्या लिहिता येत नसतील तर तो तास बसण्यात गेला, अभ्यासात नव्हे.

काय साधते, काय साधत नाही

प्रगती मोजायची तर विचार किती कमी आले हे मोजू नये. भरकटल्यानंतर ते लक्षात यायला किती वेळ लागला, हे पाहावे. आधी पंधरा मिनिटांनी कळत होते आणि आता दोन ओळींत कळते, तर खांब पक्का होतो आहे. रेघांची संख्या सुरुवातीला वाढलेली दिसली तरी घाबरू नये. आधी न दिसणारे आता दिसू लागले आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

या उपायांना मर्यादाही आहेत. झोप पुरी नसेल तर लक्ष टिकत नाही आणि रात्री अंथरुणात चालणारा मोबाइल पहिला घाला झोपेवरच घालतो. तिथे श्वासाची साधना करण्याआधी मोबाइल उशाजवळून हलवावा लागतो. कोणी सतत उदास असेल, खाणे-झोप तुटली असेल, मोबाइल हा दुःख विसरण्याचा एकच आधार झाला असेल, तर त्याला वंदनेला बसवून काम भागत नाही. त्याच्याशी बोलावे आणि डॉक्टर किंवा समुपदेशकापर्यंत सोबत जावे.

कार्यकर्त्याला मोबाइल सोडता येत नाही, हेही खरे आहे. मोर्चाचा निरोप, रक्ताची गरज, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख हे सगळे त्यावरच येते. त्याच्यासाठी दोर कापण्यापेक्षा आखूड करणे योग्य. गट पाहायच्या दिवसातून तीन वेळा ठरवाव्यात आणि त्या गटात सांगून ठेवाव्यात. तातडीचे असेल तर संदेश न पाठवता थेट फोन करायचा, असा गटाचाच नियम करावा. एकट्याने पाळलेला नियम लवकर मोडतो. गटाने पाळलेला टिकतो, कारण मग कोणालाही लगेच उत्तर न दिल्याचा अपराध वाटत नाही.

शेवटचा मुद्दा बाबासाहेबांच्या मांडणीतला आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अष्टांगिक मार्ग समजावताना ते समाधी आणि सम्यक समाधी यांत फरक करतात. नुसत्या एकाग्रतेने मनातले अडथळे तेवढ्यापुरते थांबतात. सम्यक समाधी मनाला कुशलाकडे कायमचे वळण लावते. हा फरक आपल्या विषयाला तंतोतंत लागू आहे. रील पाहणारा तरुणसुद्धा तासभर एकाग्र असतो, त्याला हाक मारली तरी ऐकू येत नाही. म्हणजे लक्ष द्यायची ताकद त्याच्यात आहेच. ते लक्ष कुठे बांधायचे, हा निर्णय तेवढा दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने घेतलेला असतो. तो आपल्या हातात परत घेण्यासाठी आजच्या वंदनेआधी तीन श्वास आणि आजच्या अभ्यासाला वहीच्या समासातली पहिली रेघ, एवढ्यापासून सुरुवात करता येते.